वृद्ध गुरूंना एक अर्ज

हदीसचा अभ्यास करणारा पदव्युत्तर विद्यार्थी वयोवृद्ध शेखना पत्र लिहितो, तेव्हा त्याला प्रमाणपत्र नको असते. बुखारींचा 'सहीह' हा हदीससंग्रह तुमच्या नावाने पुढे सांगण्याची परवानगी, म्हणजे 'इजाजा', द्या, एवढीच विनंती असते. अशा पत्राला 'इस्तिदआ' म्हणतात. त्यात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि ग्रंथाचा कोणता भाग कोणाकडे वाचला, हे येते. अनेकदा सोबत लहान मुलांचीही नावे असतात. आगाऊपणा वाटेल, पण त्यामागे हिशेब आहे.

गुरू जितके म्हातारे आणि शिष्य जितका लहान, तितक्या ग्रंथकर्त्यापर्यंतच्या कड्या कमी. दमास्कसचे अल-हज्जार पेशाने पाथरवट. त्यांनी 1233च्या सुमारास, लहान वयात, हा ग्रंथ ऐकला होता. 1306च्या सुमारास श्रोत्यांच्या जुन्या यादीत त्यांचे नाव सापडले आणि विद्वानांची त्यांच्याकडे रीघ लागली. 1329मध्ये वारेपर्यंत ते ग्रंथ ऐकवत राहिले. मोठे पंडित नसूनही!

पत्राने मिळालेल्या परवानगीला मर्यादा आहे. प्रत्यक्ष ऐकलेल्यानेच 'त्यांनी आम्हांला सांगितले' म्हणावे. पत्रवाल्याने 'इजाजाने कळवले' असे स्पष्ट लिहावे. हा फरक लपवणाऱ्याची लबाडी तारखांवरून उघडी पडते: गुरू वारले तेव्हा हा कुठे होता, किती वर्षांचा होता, हे ताडून पाहिले जाते.