रिपोर्टमध्ये साधी, डोक्यात अवघड

लिओनार्ड वुड हे अमेरिकी लष्करातले नावाजलेले अधिकारी. त्यांच्या डाव्या पायाला झटके येत आणि तो पाय हळूहळू कमजोर होत चालला होता. १९१० मध्ये हार्वे कुशिंग या शल्यविशारदाने त्यांची कवटी उघडून आतली गाठ काढली. वुड इतके सावरले की त्याच वर्षी ते लष्करप्रमुख झाले आणि पुढे फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरलही. पण गाठ पुन्हा वाढली. ऑगस्ट १९२७ मध्ये कुशिंग यांनीच दुसऱ्यांदा मोठी शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर काही तासांतच वुड गेले. त्यांना कर्करोग नव्हता. ही मेंदूच्या आवरणातून उगवणारी साधी गाठ होती. अशा गाठींना मेनिन्जिओमा हे नाव १९२२ मध्ये कुशिंग यांनीच दिले.

मग साधी म्हणजे काय? पॅथॉलॉजिस्ट गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, तेव्हा तो मुख्यतः पेशींची वागणूक पाहत असतो. साध्या गाठीतल्या पेशी ज्या ऊतीतून आल्या तिच्यासारख्याच दिसतात, क्वचित विभागतात आणि बहुधा आपली हद्द ओलांडत नाहीत. गाठ वाढते ती शेजारच्यांना बाजूला ढकलत. कर्करोगाच्या पेशी बेढब असतात, त्यांची केंद्रके मोठी आणि गडद दिसतात, त्या भराभर विभागतात आणि शेजारच्या ऊतीत घुसतात. तिथून रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे यकृत, फुप्फुस, हाडे अशा दूरच्या जागी जाऊन त्या नवी गाठ मांडू शकतात. खरा फरक हाच. आकारावरून किंवा दुखण्यावरून तो ठरत नाही. कर्करोगाची लहानशी गाठ कित्येकदा मुळीच दुखत नाही आणि साधी गाठ नारळाएवढीही होऊ शकते.

रिपोर्ट पेशींचा स्वभाव सांगतो. पण गाठीची जागा तेवढीच महत्त्वाची असते. त्वचेखालची चरबीची गाठ वर्षानुवर्षे तशीच राहिली तरी बिघडत नाही, कारण तिला पसरायला जागा आहे. कवटीत ती नाही. हाडाच्या त्या बंद पेटीत मेंदू, रक्त आणि पाणी यांनी सगळी जागा व्यापलेली असते. तिथे वर्षाला एक-दोन मिलिमीटरने वाढणारी गाठही शेवटी मेंदूलाच दाबते. डोक्याच्या माथ्यावर मधोमध असेल तर विरुद्ध बाजूच्या पायाची ताकद जाते. वुड यांचे तेच झाले. नाकाच्या वरच्या बाजूला असेल तर वास येईनासा होतो, दृष्टीच्या नसेजवळ असेल तर नजर मंदावते. वाढ इतकी संथ असते की माणूस चष्म्याचा नंबर बदलत बसतो आणि दोष वयाला देतो.

तरीही अशी प्रत्येक गाठ काढत नाहीत. समजा, साठीतल्या एका बाईंच्या डोक्याला पडल्यामुळे मार लागला म्हणून स्कॅन केला आणि त्यात दीड सेंटीमीटरचा मेनिन्जिओमा दिसला. झटके नाहीत, अशक्तपणा नाही, आजूबाजूच्या मेंदूला सूज नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायला सांगतात आणि गाठ स्थिर असेल तर नंतर वर्षाकाठी एकदा. ती वाढताना दिसली, लक्षणे सुरू झाली किंवा ती दृष्टीच्या नसेला टेकली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. गाठ लहान पण शस्त्रक्रियेला अवघड जागी असेल, तर नेमक्या किरणांचा उपचार करतात. त्याने गाठ नाहीशी होईलच असे नाही, पण बहुतेकदा वाढ थांबते.

आणि काढली तरी गोष्ट संपत नाही. मेंदूतल्या मोठ्या शिरेला गाठ चिकटलेली असेल, तर शीर वाचवण्यासाठी सर्जन तिचा थोडा भाग मुद्दाम मागे ठेवतात. तो वर्षांनी पुन्हा वाढू शकतो.

दुसरीकडे कारण वेगळे असते. मोठ्या आतड्यातला अॅडिनोमा नावाचा कोंब साधाच असतो आणि बऱ्याचदा काही त्रासही देत नाही, पण त्यातल्या काहींचा पुढे दहाएक वर्षांत कर्करोग होतो. म्हणून कोलोनोस्कोपीत तो दिसला की तिथेच काढून टाकतात. मस्तकातल्या पीयूषिका ग्रंथीची गाठ मटाराएवढी असली तरी जादा हार्मोन सोडून सगळ्या शरीराचा तोल बिघडवू शकते. तिच्यावर उपचार होतो तो दाब वा कर्करोगाच्या भीतीने नव्हे, तर रक्तात मिसळणाऱ्या त्या रसायनासाठी.

तेव्हा ‘गाठ साधी आहे’ असे ऐकल्यावर डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: ती कशाला दाबते आहे का, काही स्रवते आहे का, आणि पुढची तपासणी कधी? जुने एमआरआय, सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवा. गाठ वाढते आहे की नाही, हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.