वाट्यानं कसलेली जमीन आणि पाडव्याचा निरोप

गेल्या दोन-तीन बैठकांमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून आला. "ताई, आम्ही दुसऱ्याची जमीन वाट्यानं करतो. मालक म्हणतो, पाडव्यापासून सोडा. सोडावीच लागते का?" आज त्याबद्दलच बोलू.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा, आपल्यातलीच एक वहिनी आहे. तिचा नवरा गावातल्या एका मालकाची दोन एकर जिराईत सहा वर्षं निम्म्या वाट्यानं करत होता. बियाणं-खत निम्मं निम्मं, कष्ट सगळे या घराचे. शाळू निघाला की खळ्यावर पोती मोजायची, निम्मी मालकाच्या घरी पोचवायची. कागद काहीच नाही. मालक शहरात, वर्षातून दोनदा येणारा. भादव्यात नवरा गेला. फाल्गुनात मालकाचा मुलगा आला आणि म्हणाला, "दादा होते तोवर ठीक होतं. आता पाडव्यापासून जमीन आमची आम्ही बघू." सोबत एक स्टॅम्प पेपर आणला होता. त्यावर लिहिलं होतं की आम्ही मजुरीनं काम करत होतो, आणि जमीन राजीखुशीनं सोडत आहोत.

पहिला प्रश्न असा की वहिनीचं घर कायद्याच्या नजरेत कूळ आहे की मजूर? कागद नाही, म्हणजे कूळ नाही, असं गावात सर्रास बोलतात. ते बरोबर नाही. आपल्याकडे, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात, १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा चालतो. (मराठवाड्याला १९५० चा आणि विदर्भाला १९५८ चा वेगळा कायदा आहे. तिकडच्या बहिणींनी कलमांचे आकडे तिथल्या कायद्यात बघून घ्यावेत.) आपल्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो, आणि मालक स्वतः ती कसत नाही, त्याला कूळच मानायचं. मग करार लिहिलेला असो वा नसो. यातून तीन माणसं वगळली आहेत. मालकाच्या कुटुंबातलं माणूस, जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा, आणि पगारावरचा गडी किंवा मालकाच्या देखरेखीखाली राबणारा रोजंदार.

गड्याबद्दल कायद्यानं एक बारकी गोष्ट लिहून ठेवली आहे आणि सगळा खेळ तिच्यावर आहे. गड्याला मजुरी पैशात मिळो की धान्यात, तो गडीच. पण पिकाचा वाटा मिळत असेल तर त्याला गडी म्हणून बाजूला काढता येत नाही. ठरलेली चार पोती मिळतात ती मजुरी. पीक बुडालं तर आपलाही वाटा बुडतो, ती वाट्याची शेती. म्हणूनच स्टॅम्प पेपरवर 'मजुरीनं' हा शब्द घातलेला असतो. तो उगाच आलेला नसतो.

दुसरा प्रश्न, नवरा गेला म्हणजे कुळाचा हक्क गेला का? नाही. कलम ४० प्रमाणे कूळ वारलं तर त्याच्या वारसांपैकी जे जमीन पुढे कसायला तयार असतील, त्यांच्याकडे ती त्याच अटींवर चालू राहते. 'तयार असतील' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वहिनी घरात गप्प बसली तर उद्या मालक म्हणेल, त्यांना करायचीच नव्हती. म्हणून तिनं सुतक फिटलं की लगेच मालकाला एक साधं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवायला हवं. माझे पती ही जमीन वाट्यानं करत होते, मी त्यांची वारस आहे, त्याच अटींवर मी ती पुढे करणार आहे, एवढं पुरे. पत्राची एक प्रत आणि पोचपावती जपून ठेवायची. मुलं सज्ञान असतील तर त्यांचीही नावं घालावीत.

आता त्या स्टॅम्प पेपरचं. कूळ आपणहून जमीन सोडू शकतं. त्याला राजीनामा म्हणतात. पण तो लेखी असावा लागतो आणि तहसीलदारासमोर त्याची पडताळणी व्हावी लागते. तहसीलदारानं विचारायचं असतं की बाई, यात काय लिहिलंय ते तुम्हाला समजलं का, हे तुमच्या मर्जीनं आहे का. ही पडताळणी न झालेला, घरी ओट्यावर अंगठा घेतलेला कागद म्हणजे कुळाचा राजीनामा नव्हे. तरीही अंगठा देऊ नका, कारण 'आम्ही मजूर होतो' ही कबुली पुढे चौकशीत तुमच्याच विरुद्ध दाखवली जाते. "वाचून घेते, भावाला दाखवते, मग बघू," असं म्हणावं आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

मग मालकाला जमीन कधीच परत घेता येत नाही का? येते, पण कारण लागतं आणि रस्ता ठरलेला आहे. खंड किंवा वाटा त्या वर्षीच्या ३१ मेच्या आत दिला नाही, जमिनीची कायमची खराबी केली, पोटकूळ घातलं, स्वतः कसणं सोडलं, शेती सोडून भलताच वापर केला, ही ती कारणं. यातलं कारण लिहून मालकानं तीन महिन्यांची नोटीस द्यायची. तेवढ्या मुदतीत कुळानं चूक दुरुस्त केली तर प्रकरण तिथंच थांबतं. नाही केली, तरी मालकानं तहसीलदाराकडे अर्ज करायचा. बाकी खंडाचाच प्रश्न असेल तर तहसीलदार कुळाला थकलेली रक्कम आणि खर्च पंधरा दिवसांत भरायची संधी देतो. मात्र तीन वर्षं थकवलं असेल आणि दरवेळी मालकानं वेळेत लेखी कळवलं असेल, तर ही संधी मिळत नाही. कलम २९ स्पष्ट आहे की तहसीलदाराच्या हुकुमाशिवाय मालकानं कुळाकडून कब्जा घ्यायचा नाही. घेतला तर त्यानं पेरलेलं पीक जप्त होऊ शकतं, वर खर्च आणि दंड. 'मुलाला शेती करायची आहे' किंवा 'दुसरा जास्त वाटा देतो' एवढं सांगून पाडव्याला जमीन काढता येत नाही.

पण वहिनीच्या बाबतीत वैशाखात ट्रॅक्टर आलाच, असं धरू. भांडायला रानात एकटीनं जाऊ नये. गटातल्या दोघीतिघींनी सोबत जावं, नांगरट चालू असतानाचे फोटो घ्यावेत, शेजारच्या बांधकऱ्यांची नावं टिपावीत. पोलिसात अर्ज देऊन पोच घ्यावी. ते बहुतेक वेळा 'महसुलाचं प्रकरण आहे' म्हणतील, पण तारीख नोंदली जाते. कब्जा बेकायदा काढून घेतला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. तिची मुदत सहा महिने. कुळवहिवाट कायद्याखाली कब्जा परत मागायची मुदत दोन वर्षं. आम्ही कूळ आहोत हे ठरवून मागायचा अर्ज कलम ७० (ब) चा. तो प्रश्न तहसीलदारच ठरवतो. दिवाणी कोर्टात वाद निघाला तरी एवढा मुद्दा कोर्टाला तहसीलदाराकडे पाठवावा लागतो.

चौकशीत काय बघतात? आधी सातबारा. त्यावर कुळाचं नाव असेल तर ती नोंद खरी धरून चालतात. वहिनीच्या सातबाऱ्यावर ते नाही. म्हणून सगळं संपत नाही, पण सिद्ध करायचा भार तिच्यावर येतो. मग बियाण्याच्या दुकानाची बिलं, मळणी यंत्रवाल्याची वही, नवऱ्याच्या नावानं झालेली बाजार समितीतली पट्टी, आणि खळ्यावर पोती वाटताना पाहिलेले शेजारी कामाला येतात. काय पेरायचं हे कोण ठरवत होतं, नुकसान कुणी सोसलं, असे प्रश्न विचारले जातात. साक्षीला येणारा शेजारी मालकाचा मिंधा नसावा, हेही बघावं. हुकूम विरुद्ध गेला तर प्रांताकडे अपील आणि त्यापुढे महसूल न्यायाधिकरण आहे. बायकांना यासाठी वकील फुकट मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

आता एक अडचणीची गोष्ट सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. 'कूळ लागलं की जमीन नावावर होते' असं पारावर बोलतात. १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषकदिनी, जे कूळ होतं त्याला कायद्यानं मालक मानलं. त्यानंतर लागलेल्या कुळाला कलम ३२ ओ प्रमाणे वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला लेखी कळवून जमीन विकत मागावी लागते. वहिनीच्या घरानं सहा वर्षांत ते केलं नाही. अशा वेळी जमिनीचं पुढे काय करायचं याची वेगळी चौकशी निघू शकते, आणि त्यात जमीन मालकाकडेही जाऊ शकते. म्हणून अर्ज टाकण्याआधी सगळ्या तारखा वकिलासमोर ठेवाव्यात. एवढं मात्र खरं की तेही हुकुमानंच होईल. ट्रॅक्टर आणून होणार नाही.

देवस्थानाच्या, सरकारी, किंवा ऊस आणि फळबागेसाठी दिलेल्या जमिनींना नियम वेगळे आहेत. आजचं बोलणं तिथं जसंच्या तसं लावू नका.

आणि आपल्या गटात मालकिणीही आहेत. नवऱ्यामागे दोन एकर दुसऱ्याला वाट्यानं देऊन घर चालवणाऱ्या. त्यांना कुळाची धास्ती वाटते, म्हणून काहीजणी दरवर्षी माणूस बदलतात, काहीजणी रान पडीक ठेवतात. त्यांची अडचण मला कळते. पण त्यांनीही वाटा मिळाला की पावती द्यावी. खंडाची पावती देणं कायद्यानं मालकाचं काम आहे, आणि वाटा थकला तर तीच पावतीची वही मालकिणीच्या बाजूनं बोलते.

ज्यांची पेरणी या हंगामात वाट्यानं आहे त्यांनी एवढं करा. शंभर पानी वही घ्या. तारीख, गट नंबर, बियाणं कुणी आणलं, किती पोती निघाली, मालकाच्या घरी किती गेली, हे त्या त्या दिवशी लिहा, आणि पोती पोचवली की मालकाची सही मागा. सही देत नसेल तर सोबत आलेल्या गाडीवाल्याची घ्या. पुढच्या बैठकीला सातबाऱ्याचा उतारा घेऊन या. 'कूळ' आणि 'इतर अधिकार' या रकान्यांत काय लिहिलंय ते मिळून वाचू.