रात्री सव्वा वाजता, काउंटरवर

सहार विमानतळाजवळच्या हॉटेलांत रात्रपाळीच्या रिसेप्शनिस्टकडे असे प्रवासी नेहमी येतात. ही सत्तरीच्या एका आजींची गोष्ट. नागपूरचं विमान उशिरा उतरलं आणि मस्कतचं निघून गेलं. विमान कंपनीनं एका रात्रीचं व्हाउचर देऊन त्यांना गाडीत बसवून दिलं. सव्वा वाजता त्या काउंटरशी उभ्या होत्या. हात थरथरत होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, "माझी बॅग गेली बाप्पा मस्कतला!"

मुलानं ओळखपत्र मागायच्या आधी काउंटरबाहेर येऊन त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, साखरेची गोळी घेता का? जेवलात कधी?" हा प्रश्न पहिला हवाच. मधुमेह्याची साखर उतरली तरी हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं भरकटतं. ते नुसती भीती समजून सोडून देणं धोक्याचं. आजींना मधुमेह नव्हता. रक्तदाबाची गोळी होती आणि ती पर्समध्येच होती. पोटात मात्र दुपारपासून काही नव्हतं. त्यानं किचनला दहीभात सांगितला.

मग बॅग. नुसतं "घाबरू नका" म्हणून भीती जात नाही, नेमकं उत्तर लागतं. त्यानं बोर्डिंग पासमागे चिकटवलेली टॅगची चिठ्ठी आजींना दाखवली. "हा तुमच्या बॅगेचा नंबर. प्रवासी विमानात चढला नाही, तर त्याची बॅगही उतरवतात, असा सुरक्षेचा नियम आहे. तुम्ही इथे, म्हणजे बॅगही मुंबईतच असणार. थांबा, विचारूनच घेतो." कंपनीच्या काउंटरला फोन लावून नंबर वाचून दाखवला. बॅग तिथंच होती.

"आता नवीन तिकिटाचे पैसे?" त्यानं तिकीट पाहिलं. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर होती, त्यामुळे पुढच्या विमानात बसवणं कंपनीकडेच. तिकिटं वेगवेगळी काढलेली असती तर हे आश्वासन देता आलं नसतं, आणि खोटा धीर पहाटे अंगाशी येतो.

मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तिथं पावणेबारा. मुलगा जागा असणारच. फोन लावून रिसीव्हर आजींच्या हाती दिला तेव्हा कुठे त्यांचा आवाज सावरला. ओळखपत्र आणि सही त्यानंतर.

खोली लिफ्टजवळची दिली. कागदावर मोठ्या अक्षरांत विमानाची वेळ, गाडीची वेळ, खोली क्रमांक आणि रिसेप्शनचा नंबर लिहून दिला. भेदरलेल्या माणसाला तोंडी सांगितलेलं आठवत नाही. खोलीतल्या फोनवरून त्यांच्याकडून एकदा रिसेप्शनला रिंगही करून घेतली.

सकाळच्या पाळीसाठी लॉगबुकात नोंद केली: "वेक-अप कॉल सहाला. उचलला नाही तर वर जाऊन दार वाजवा. गाडीत बसवायला कुणीतरी सोबत जा. बॅग विमानतळावर, टॅग नंबर खाली."