पार्किंगच्या तक्रारीची दोन पत्रं

सोसायटीच्या सामाईक जागेत कुणीतरी रोज गाडी लावून जातं, तेव्हा बहुतेकांचा पहिला निषेध व्हॉट्सअॅप ग्रुपवर उमटतो. फोटो टाकला जातो, खाली दोन-चार अंगठे येतात, शेजाऱ्याला चारचौघांत कमीपणा वाटतो आणि गाडी तिथेच राहते. ग्रुपवरच्या मजकुराला आवक क्रमांक नसतो, तो समितीच्या सभेपुढे आपोआप येत नाही आणि त्यावर कुणी उत्तर द्यायला बांधील नसतं. यातून खरोखर मार्ग निघावा असं वाटत असेल, तर दोन वेगळी पत्रं लिहावी लागतात, एक शेजाऱ्याला आणि एक सोसायटीला. दोन्हींचं काम वेगळं असल्यामुळे एकाच मजकुराच्या दोन प्रती काढून भागत नाही.

एक प्रसंग धरू. इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळ एका गाडीची मोकळी जागा आहे. पाहुणे, सामानाचा टेम्पो आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी ती राखून ठेवायची आणि कुणीही दोन तासांपेक्षा जास्त वापरायची नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेने केलेला आहे. 402 मधल्या सदस्यांना स्टिल्टमध्ये एक जागा मिळालेली आहे, पण घरात दुसरी गाडी आली आणि ती रात्री आठपासून सकाळी नऊपर्यंत या मोकळ्या जागेत उभी राहू लागली. 302 मधल्या आजींना डायलिसिसला न्यायला सकाळी सहाला गाडी येते. ती फाटकाबाहेर थांबते आणि आजींना तिथपर्यंत चालत जावं लागतं.

लेखणी हातात घेण्याआधी एक गोष्ट तपासायची. ही जागा सामाईक आहे, हे नेमकं कशावरून? त्यासाठी सचिवांकडे सभेचं इतिवृत्त आणि पार्किंग वाटपाची नोंद मागायची. सहकारी संस्था अधिनियमानुसार सभेचं इतिवृत्त, उपविधी यांसारखी दप्तरं सदस्याला पाहता येतात आणि शुल्क भरून त्यांच्या प्रतीही घेता येतात. ‘ही जागा आम्ही बिल्डरकडून विकत घेतली आहे’ असं उत्तर पुष्कळदा ऐकू येतं. मोकळी किंवा स्टिल्टमधली जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. तरीही शेजाऱ्याच्या हाती वाटपपत्र असेल तर वाद गाडी हटवण्याचा उरत नाही, वाटपाचाच होतो. मग पत्रही निराळं लिहावं लागतं. आपल्या प्रसंगात ठराव स्पष्ट आहे.

आता शेजाऱ्याचं पत्र. ते छोटं असावं, त्यात एकच मागणी असावी आणि सिद्ध करावं लागेल असं काही नसावं. ‘तुम्ही मुद्दाम करता’ हे वाक्य सिद्ध करता येत नाही. ‘गाडी सकाळी तिथे असते’ हे समोर दिसतं. साधारण असं लिहिता येईल:

‘काका, स.न.वि.वि. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत तुमची पांढरी गाडी रात्री असते. आईला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी सहाला डायलिसिसला न्यावं लागतं. गाडी आत येऊ शकत नाही म्हणून तिला फाटकापर्यंत चालावं लागतं, आणि परतताना तिला फार थकवा असतो. ती जागा सामाईक वापरासाठी ठेवल्याचा सभेचा ठराव आहे. येत्या सोमवारपासून गाडी दुसरीकडे लावाल का? काही अडचण असेल तर संध्याकाळी घरी या, बोलू. तुमची, 302.’

या पत्रात सोसायटीचा धाक नाही आणि प्रत कुणालाही पाठवलेली नाही. शेजाऱ्याला मान राखून माघार घेता यावी, एवढी वाट त्यात मोकळी ठेवलेली आहे. सोमवार ही तारीख मात्र हवीच. ‘लवकरात लवकर’ असं लिहिलं तर पुढे कधी थांबायचं ते ठरत नाही. पत्र हातात द्यावं आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. घरात भाडेकरू राहत असतील तर त्यांच्याशी जरूर बोलावं, पण पत्र फ्लॅटच्या मालकालाही द्यावं. सोसायटीचा सदस्य मालक असतो आणि उपविधी पाळले जातील हे पाहण्याची जबाबदारी त्याचीच असते.

सोमवार गेला आणि गाडी हलली नाही, तर नोंद सुरू करायची. साध्या वहीत तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि त्या दिवशी नेमकी काय अडचण झाली ते लिहावं. फोटोत नंबरप्लेट आणि जमिनीवरची पिवळी रेघ दोन्ही यायला हव्यात. फक्त गाडीच दिसत असेल तर ती कुठे उभी आहे हे कळत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी पुरतात. सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत येण्या-जाण्याच्या वेळा असतील तर त्यांचा उल्लेख करावा, पण त्या माणसाला साक्षीदार करू नये. नोकरी त्याची जाते.

दुसरं पत्र सचिवांच्या नावे. इथे काका नाहीत आणि आजींच्या थकव्याचं वर्णनही एका वाक्याच्या वर नको. समितीने काय करायचं आहे, हा या पत्राचा विषय आहे. पहिल्या परिच्छेदात ठराव आणि त्याची तारीख, दुसऱ्यात गाडीचा नंबर आणि सोबत जोडलेल्या नोंदी, तिसऱ्यात शेजाऱ्याला अमुक तारखेला पत्र दिल्याचा उल्लेख. त्यानंतर मागणी: ‘हा विषय समितीच्या पुढील सभेत घ्यावा, संबंधित सदस्यास ठरावाचा भंग थांबवण्याची लेखी नोटीस द्यावी आणि समितीचा निर्णय मला लेखी कळवावा.’ ‘योग्य ती कारवाई करावी’ असं लिहिण्याचा मोह टाळावा, कारण सचिवांनी फोनवर दोन शब्द बोलले की तीही कारवाई झाली असं म्हणता येतं.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. पोच नाकारली तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवावं. आदर्श उपविधींनुसार लेखी तक्रार समितीच्या पुढच्या सभेत घ्यायची आणि निर्णय त्यानंतर 15 दिवसांत तक्रारदाराला कळवायचा असतो. पोच असली की हे दिवस मोजता येतात.

समितीला काय करता येत नाही, हेही माहीत असावं. आदर्श उपविधींत दंड हा सर्वसाधारण सभेचा विषय आहे. आधी नोटीस आणि सदस्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. त्यामुळे ‘उद्यापासून हजार रुपये दंड लावा’ ही मागणी पत्र कमकुवत करते. चाकाची हवा सोडणं, गाडीच्या आडवी दुसरी गाडी लावणं किंवा काचेवर न निघणारा कागद चिकटवणं यांनी तर तक्रारदारच आरोपी होतो. आवारातल्या गाडीसाठी वाहतूक पोलिसांकडे धाव घेऊन सहसा उपयोग होत नाही, कारण ती जागा सार्वजनिक रस्ता नसते. शिवीगाळ किंवा धमकी झाली तर मात्र पोलीस ठाण्यात जावं.

समिती गप्पच राहिली तर दोन दारं उरतात. समिती आपलं काम करत नाही ही तक्रार उपनिबंधकांकडे जाते. सदस्य आणि संस्था यांच्यातला पार्किंगचा वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात नेता येतो. तिथे वकील, खर्च आणि वेळ हे सगळं आलं, म्हणून एका गाडीसाठी तिथवर जाणं क्वचितच परवडतं. त्याआधी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्याची लेखी मागणी करावी. आपल्या प्रसंगात तीच मागणी कामाला येईल, कारण 402 ची खरी अडचण दुसऱ्या गाडीला जागा नाही ही आहे. शिल्लक जागा असतील तर त्या वर्षापुरत्या कशा वाटायच्या आणि दुसऱ्या गाडीला किती शुल्क लावायचं, हे सभाच ठरवू शकते.

आणि गाडी हलली, तर सचिवांना दोन ओळींचं पत्र द्यावं: अमुक तारखेपासून जागा मोकळी असते, माझी तक्रार निकाली काढावी. त्याची एक प्रत 402 मध्ये द्यावी.