सर्वात कमी गुणांची शाखा यादीत पहिली नसते

बँकेच्या चाळीस शाखांची स्कोअरकार्डे आणि शाखाधिकाऱ्यांची टिपणे दर महिन्याला क्षेत्रीय कार्यालयात येतात. त्यातून क्षेत्रीय व्यवस्थापकांसाठी एका पानाची एक्सेप्शन यादी करताना बहुतेक जण एकूण गुण उतरत्या क्रमाने लावतात आणि तळाच्या पाच शाखा वर घेतात. हाच सर्वात मोठा गैरसमज आहे. गुण झालेली कामगिरी मोजतात, पण यादीचा क्रम मात्र किती रक्कम अडकली आहे, हाताशी किती दिवस आहेत आणि वरच्या हस्तक्षेपाने काही बदलेल का, यावरून ठरायला हवा.

उदाहरण घेऊ. एका शाखेला ५८ गुण आहेत, कारण ठेवी ४ कोटींनी घटल्या. टिपणात लिहिले आहे, की सरकारी योजनेचा निधी खर्चासाठी काढला गेला. खात्याचा उतारा तेच दाखवत असेल, तर क्षेत्रीय व्यवस्थापकांना तिथे करण्यासारखे फारसे नाही. दुसऱ्या शाखेला ८१ गुण आहेत. तिच्या टिपणाच्या तिसऱ्या परिच्छेदात एकच ओळ आहे: ‘जिनिंग मिलचे हप्ते थकीत, पाठपुरावा चालू.’ मुदत कर्ज ६० लाखांचे, मासिक हप्ता १ लाख ४० हजारांचा, तीन हप्ते थकलेले आणि सर्वात जुना ७८ दिवसांचा. म्हणजे खाते एसएमए-२ मध्ये आहे. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते एनपीए होते. वर्गीकरण कर्जदारनिहाय असल्याने त्याच मिलचे १ कोटी ३० लाखांचे कॅश क्रेडिटही सोबत जाते. आज सर्वात जुना हप्ता भरला, तर थकबाकी ४८ दिवसांवर येते. एनपीए झाल्यावर मात्र सगळी थकबाकी फेडल्याशिवाय खाते परत नियमित होत नाही, आणि तोवर चौथा हप्ताही थकलेला असतो. म्हणून ८१ गुणांची शाखाच पहिल्या क्रमांकावर.

टिपणात दिलेले कारण हीच वस्तुस्थिती, असेही धरले जाते. ‘अतिवृष्टीमुळे वसुली थांबली’ असे वाचले, की त्याच तालुक्यातील शेजारच्या शाखांची वसुली आणि मागील वर्षीचा हाच महिना पाहावा. शेजारी वसुली नेहमीसारखी असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. पडताळणी झाली नसेल, तर यादीत ‘शाखेचे म्हणणे’ असेच लिहावे. टिपण आटोपशीर करताना हे दोन शब्द सर्वात आधी गळतात, आणि मग शाखेचा अंदाज वरिष्ठांच्या बैठकीत निष्कर्ष म्हणून फिरतो. मला ही चूक चुकलेल्या क्रमाहूनही गंभीर वाटते, कारण ती नंतर कोणालाच दिसत नाही.

यादीतला पाठपुरावाही नेमका हवा; ‘वसुलीकडे लक्ष द्यावे’ हा पाठपुरावा नव्हे. मिलच्या बाबतीत असे लिहावे: शाखाधिकाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत मालकाला भेटून जुना हप्ता जमा करून घ्यावा, तो न आल्यास क्षेत्रीय कार्यालयातील कर्ज अधिकाऱ्याने सोमवारी साठ्याची तपासणी करावी आणि अहवाल त्याच दिवशी द्यावा.