‘सुधारणेस वाव आहे’ म्हणजे नेमकं कुठे?

मार्चचा शेवटचा आठवडा आला की वर्षअखेरच्या कामांच्या गर्दीत साहेबांच्या टेबलावर अप्रेजलचे फॉर्म येऊन पडतात. दहा-पंधरा माणसांचं वर्षभराचं काम दोन संध्याकाळींत कागदावर उतरवायचं असतं. अशा घाईत बहुतेक कार्यालयांत एकसारखाच मजकूर तयार होतो. नमुन्यादाखल असाच एक परिच्छेद घेऊ. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या डिस्पॅच विभागातली एक ज्येष्ठ कर्मचारी आहे, असं समजा. तिच्या फॉर्मवर हे लिहिलेलं आहे:

‘कामावर निष्ठा आहे व स्वभाव मनमिळाऊ आहे. कष्टाळू असून दिलेले काम मनापासून करतात. मात्र अलीकडे कामात हलगर्जीपणा दिसून येतो. कागदपत्रांत वारंवार चुका होतात व त्यामुळे ग्राहकांची नाराजी ओढवते. घरगुती अडचणींमुळे कामात लक्ष लागत नसावे. ओनरशिप कमी पडते. स्वतःहून पुढाकार घेत नाहीत. इतर विभागांशी बोलताना सूर चढा असतो, संवादकौशल्य सुधारावे. टीम प्लेअर म्हणूनही सुधारणेस वाव आहे. एकंदरीत काम समाधानकारक असले तरी पुढील वर्षी अधिक जबाबदारीने व काळजीपूर्वक काम करावे, ही अपेक्षा. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

लिहिणाऱ्याच्या मनात आकस नाही. पण हा मजकूर हाती पडल्यावर तिने करायचं काय? ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, ‘कागदपत्रं’ म्हणजे कोणती, सूर कधी आणि कोणापाशी चढला, याचा पत्ता लागत नाही. तिला हे मान्य करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. मी अशा मजकुराला एकच कसोटी लावतो. ज्याच्याबद्दल वाक्य लिहिलं आहे, त्याला पुरावा दाखवून ते खोटं ठरवता येईल का? ‘हलगर्जीपणा दिसतो’ हे वाक्य खोटं ठरवता येत नाही. ‘फेब्रुवारीत दोन गाड्या चुकीच्या पीओ नंबरामुळे परत आल्या’ हे ठरवता येतं. खोटं ठरू शकणारं वाक्य लिहायला धैर्य लागतं, कारण आधी नोंदी काढून पाहाव्या लागतात. मजकूर सुधारायची सुरुवात म्हणूनच शब्दांपासून होत नाही, ती फायलीपासून होते.

तेव्हा ‘वारंवार चुका’ हे वाक्य घेऊन आपल्या नमुन्यातली फाइल उघडू. वर्षभरात तिच्या हातून सुमारे १४०० इन्व्हॉइस गेली. त्यांतली ९ चुकली, अशी नोंद आहे. सगळ्या चुका एकाच जातीच्या: ग्राहकाने पीओ बदलला होता, पण इन्व्हॉइसवर जुना नंबर किंवा जुना दर गेला. वाहनउद्योगात ही चूक लहान नसते. इन्व्हॉइस आणि चालू पीओ जुळला नाही, तर गेटवर माल उतरवून घेत नाहीत आणि गाडी उभी राहते. पण या ९ पैकी ५ वेळा बदललेल्या पीओची प्रत सेल्सकडून डिस्पॅचला आलीच नव्हती. तिच्या खात्यावर खऱ्या अर्थाने ४ चुका उरतात, आणि त्या वेळी प्रत तिच्या मेलमध्ये आलेली होती. या चारही फेब्रुवारी-मार्चमधल्या. त्यांपैकी दोन वेळा गाडी परत आली.

एवढ्या तपासानेच ‘वारंवार’ हा शब्द गळून पडतो. ‘हलगर्जीपणा’ही टिकत नाही, कारण आधीचे दहा महिने तिची एकही चूक नाही. फॉर्म मार्चमध्ये लिहिला गेला म्हणून शेवटचे दोन महिने संपूर्ण वर्षावर पसरले. ताजं ते ठळक दिसतं, आणि वार्षिक मूल्यमापनातला हा फार मोठा दोष आहे. त्यावर उपाय साधा आहे. प्रसंग घडला त्याच दिवशी तारीख आणि एक ओळ वहीत टाकावी, चांगल्या प्रसंगाचीही. अशी वही नसेल तर निदान दर तिमाहीतली एक नोंद शोधल्याशिवाय लिहायला बसू नये.

इथे आकड्यांबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. ‘९ चुका’ हे वाक्य नेमकं आहे, पण न्याय्य नाही. शेजारच्या टेबलावर कोणी वर्षाला ३०० इन्व्हॉइस काढून ४ चुका करत असेल, तर त्याचं प्रमाण तिच्यापेक्षा वाईट आहे, आणि फॉर्मवर मात्र तिचाच आकडा मोठा दिसेल. चुकांची संख्या लिहायची तर किती कामापैकी, आणि त्यातलं किती त्या माणसाच्या हातात होतं, हेही लिहावं लागतं. उलट नर्स, शिक्षक, समुपदेशक यांच्या कामाला ओढूनताणून आकडा चिकटवू नये. तिथे तारखेसह सांगितलेला एक प्रसंग पुरतो.

आता ‘सूर चढा असतो’ हे वाक्य. यामागे एकच प्रसंग निघतो. महिनाअखेरीला माल पाठवण्याआधीचा तपासणी अहवाल क्वालिटीकडून संध्याकाळी सातला आला, गाडी खोळंबली होती, आणि ती मोठ्याने बोलली. त्याच विभागातला तिचा पुरुष सहकारीही क्वालिटीशी असाच भांडतो आणि त्याच्या फॉर्मवर ‘कामाबाबत आग्रही’ असं आलेलं आहे. ही तपासणी करायची पद्धत सोपी आहे. तेच वाक्य दुसऱ्याच्या नावावर वाचून पाहायचं. हात अडखळला, तर वाक्यात कामाखेरीज आणखी काहीतरी शिरलेलं आहे.

हा अडखळ काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या भाषाअभ्यासक कीरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कंपन्यांतली २४८ मूल्यमापनं वाचून काढली होती. टीका असलेल्या मूल्यमापनांपैकी पुरुषांच्या ८३ मध्ये स्वभावावर बोट ठेवणारी फक्त २ होती. स्त्रियांच्या ९४ मध्ये अशी ७१ होती. पाहणी लहान होती आणि मूल्यमापनं लोकांनी स्वतःहून दिलेली होती, त्यामुळे हेच प्रमाण सगळीकडे असेल असं म्हणता येत नाही. तरी फरक इतका मोठा आहे की आपला फॉर्म एकदा तपासून घ्यायला तो पुरेसा आहे. आपल्या नमुन्यात एका प्रसंगावरून ‘असतो’ असं लिहिणं चूक आहे. सहकाऱ्याला तीच गोष्ट माफ असेल, तर तिच्याही फॉर्मवरून ती जायला हवी. तो प्रसंग खरोखर खटकला होता, तर दुसऱ्याच दिवशी तिला बोलावून सांगायचं होतं. वर्षअखेरीच्या कागदावर कोणालाही पहिल्यांदाच काही कळू नये.

‘घरगुती अडचणींमुळे लक्ष लागत नसावे’ हे वाक्य मात्र सरळ खोडावं. ते सहानुभूतीने लिहिलेलं असलं तरी अंदाज आहे, आणि खासगी आयुष्यावरचा अंदाज कार्यालयाच्या नोंदीत राहिला की पुढच्या प्रत्येक साहेबाच्या नजरेला पडतो. ‘ओनरशिप’, ‘टीम प्लेअर’, ‘संवादकौशल्य’ या शब्दांपाठी प्रसंग सापडला तर प्रसंग लिहावा आणि शब्द काढावा. प्रसंग सापडलाच नाही, तर दोन्ही काढावेत. पुढाकाराच्या बाबतीत तर नोंदी नेमकं उलट सांगतात. ऑगस्टमध्ये तिने नव्या मुलाला ई-वे बिल काढायला स्वतःहून शिकवलं, आणि दिवाळीत ती रजेवर असताना एकही गाडी अडली नाही.

स्तुतीच्या वाक्यांनाही हीच कसोटी. ‘निष्ठा आहे, मनमिळाऊ आहे’ ही वाक्यं बहुतेकदा पुढच्या टीकेची धार कमी करायला घातलेली असतात आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. तो ‘मात्र’ची वाट पाहत असतो. ती काढली की मजकूर कोरडा होईल अशी भीती वाटते. पण ‘तुमच्या रजेतही गाडी अडली नाही’ हे वाक्य ‘कष्टाळू’पेक्षा जास्त आनंद देतं, कारण कोणीतरी आपलं काम पाहिलं आहे, हे त्यातून कळतं.

स्वभावावरून कामाकडे वळण्याला आणखी एक भक्कम कारण आहे. क्लुगर आणि डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायामुळे काम सुधारत होतं, पण एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी ते बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून हटून ‘मी कसा आहे’ या प्रश्नाकडे गेलं, की अभिप्रायाचा उपयोग घटत जातो. ‘तुम्ही हलगर्जी आहात’ हे वाक्य माणसाला नेमकं तिथेच नेऊन सोडतं.

सगळं गाळल्यावर आणि तपासल्यावर तिच्या फॉर्मवर एवढं उरतं:

‘सुमारे १४०० इन्व्हॉइस काढली, जानेवारीपर्यंत त्यांच्याकडून एकही चूक नाही. नव्या सहकाऱ्याला ई-वे बिलाचे काम शिकवले. दिवाळीतील त्यांच्या रजेत एकही गाडी अडली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा पीओ हाती असूनही ४ इन्व्हॉइसवर जुना तपशील गेला व २ गाड्या परत आल्या. एप्रिलपासून गाडी सोडण्यापूर्वी पीओ नंबर व दर ताडून सही करावी. सप्टेंबरअखेर आढावा घेऊ. बदललेला पीओ सेल्सकडून त्याच दिवशी मिळेल, ही जबाबदारी माझी.’

मजकूर आधीपेक्षा लहान झाला आणि टीका मात्र अधिक स्पष्ट झाली. पुढे काय करायचं ते एका कृतीत सांगितलं आहे आणि ते झालं की नाही, हे सप्टेंबरात दोघांनाही पाहता येईल. शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ९ पैकी ५ चुकांचं मूळ दुसऱ्या विभागात होतं. ते दुरुस्त करण्याचा अधिकार तिला नाही, साहेबाला आहे. अर्थात या मजकुराशी श्रेणीही जुळायला हवी. एवढं लिहून पुढे ‘अपेक्षेपेक्षा कमी’वर खूण केली, तर सगळी मेहनत वाया गेली.

सरकारी नोकरीत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले अभियंता. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना ‘चांगला’ हा शेरा मिळाला होता आणि तो त्यांना कळवलाच गेला नाही. बढतीसाठी मात्र ‘अतिशय चांगला’ लागत होता. वरवर चांगल्या दिसणाऱ्या त्या एका शब्दाने त्यांची वाट अडवली. २००८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की शेरा चांगला असो वा वाईट, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. त्यानंतर मे २००९ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पूर्ण अहवाल दाखवण्याची आणि त्यावर म्हणणं मांडायला १५ दिवस देण्याची पद्धत ठरवून दिली.

खासगी नोकरीत असा १५ दिवसांचा नियम प्रत्येक ठिकाणी नसतो, पण विचारायला कोणी अडवत नाही. यंदा तुमच्या फॉर्मवर ‘सुधारणेस वाव आहे’ असं आलं, तर सही करण्याआधी शांतपणे, शक्यतो लेखी, दोन गोष्टी विचारा: हे कोणत्या प्रसंगावरून लिहिलं, आणि पुढच्या सहा महिन्यांत मी नेमकं काय वेगळं केलं म्हणजे हे वाक्य निघेल?