तीन वाजायला पाच कमी

फोटोतल्या काट्यांच्या घड्याळात तीन वाजायला पाच कमी आहेत. फोटोतला कुत्रा अचूक ओळखणारं, पाटीवरची बारीक अक्षरंही वाचणारं मॉडेल इथे बिनधास्त सांगतं, ‘३:५५’. कधी ‘११:१५’ म्हणतं. याचा दोष सहसा नजरेवर टाकला जातो. माझ्या मते उणीव आहे ती दोन काट्यांचा एकमेकांशी मेळ घालण्यात.

तासकाटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो, मिनिटकाटा सहा अंश. त्यामुळे २:५५ला लहान काटा बारापासून ८७.५ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ तीनवरच. मोठा काटा ३३० अंशांवर, अकरावर. जवळचा आकडा उचलला की ३:५५ हे उत्तर येतं. पण तेव्हा लहान काटा ११७.५ अंशांवर, चारच्या अगदी जवळ हवा होता. ही चूक ३० अंशांची आहे आणि जरा ताडून पाहिलं तर लगेच सापडते. काट्यांची अदलाबदल मात्र बेरकी असते. ८७.५ अंश हा मिनिटकाटा मानला तर साधारण साडेचौदा मिनिटं झाली, मग तासकाटा ३३७ अंशांच्या आसपास हवा. प्रत्यक्षात तो ३३०वर आहे. फरक जेमतेम सात अंशांचा. काटा ८० पिक्सेल लांब असेल तर त्याच्या टोकाशी हे अंतर सुमारे दहा पिक्सेल भरतं. बरीच मॉडेल्स चित्राचे १४ किंवा १६ पिक्सेलचे चौकोन पाडून ते वाचतात, म्हणजे सगळा निवाडा एका चौकोनापेक्षाही कमी अंतरावर व्हायचा असतो.

यावर कोणी म्हणेल, चौकोनातले पिक्सेल काही फेकून देत नाहीत. खरं आहे. पण मॉडेल शिकतं ते मुख्यतः चित्रासोबतच्या मजकुरावरून, आणि ‘भिंतीवर जुनं घड्याळ’ एवढं लिहायला कोणी काट्याचा कोन मोजत नाही. शिवाय जाहिरातींतली घड्याळं बहुतेक १०:१० दाखवतात (बाराखालचं कंपनीचं नाव झाकलं जात नाही), त्यामुळे संभ्रमात तेच उत्तर पुढे येतं. म्हणून १०:१० बरोबर सांगितलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

‘मग आणखी घड्याळं दाखवा की!’ हा आक्षेप वजनदार आहे. २०२२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी संगणकावर बनवलेल्या घड्याळांवर एक खास प्रणाली शिकवली. तिरप्या फोटोत तबकडी लंबगोल होते आणि कोन बिघडतात, म्हणून ती प्रणाली आधी तबकडी सरळ करते आणि मगच वेळ वाचते. म्हणजे काम अशक्य नाही. पण हे यश त्या कामासाठी बांधलेल्या पायरीचं आहे. नुसती चित्रं वाढवून सर्वसाधारण मॉडेलला ती पायरी आपोआप येईल असं धरून चालता येत नाही. बॉयलरवरच्या एका काट्याच्या प्रेशर गेजला तर ताडून पाहायला दुसरा काटाही नसतो. तिथे मॉडेलकडून थेट आकडा घेण्यापेक्षा शून्याची खूण, शेवटची खूण आणि काटा असे तीन कोन मागावेत, आणि भागाकार आपण करावा.